नागीण: पहिला फोड दिसल्यापासूनचे ७२ तास

पाठीच्या कण्यापाशी सुरू होऊन बरगड्यांच्या कडेने पुढे छातीच्या किंवा पोटाच्या मधोमध येऊन थांबणारा लालसर पट्टा. त्यावर झुपक्याझुपक्यांनी आलेले पाण्याचे फोड. नुसता सदरा घासला तरी जीव जावा अशी आग, आणि सगळं एकाच बाजूला. आपल्याकडे हे पाहिलं की घरातलं कोणीतरी जाणतं माणूस लगेच ‘नागीण झाली’ म्हणतं आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं. घोळ त्यानंतर होतो. कोणी गेरू लावतं, कोणी नागीण उतरवणाऱ्याकडे नेतं, कोणी मेडिकलमधून मलम आणतं, आणि गोळ्यांचा खरा उपयोग होण्याचे पहिले तीन दिवस यातच निघून जातात.

नागीण त्या वेळी बाहेरून लागलेली नसते. कांजिण्या होऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू, व्हॅरिसेला झोस्टर, शरीरातून पुरता जात नाही. कण्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना, जवळजवळ प्रत्येक मणक्यापाशी, त्वचेकडून संवेदना आणणाऱ्या नसेच्या पेशींची एक लहानशी गाठ असते. विषाणू त्या गाठींमध्ये वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर या गावात प्रॅक्टिस करणारे डॉ. एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्या रुग्णांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून १९६५ मध्ये हे मांडलं: कांजिण्यांचा विषाणू शरीरातच दबून राहतो, त्याला दाबून ठेवणारी प्रतिकारशक्ती वयाबरोबर ओसरते आणि तो नागिणीच्या रूपाने परत उठतो. पुढच्या संशोधनाने ते खरं ठरवलं. म्हणूनच पन्नाशीनंतर नागीण वाढते. केमोथेरपी चालू असलेल्यांना, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांना, एचआयव्ही असलेल्यांना आणि अवयव-प्रत्यारोपण झालेल्यांना ती तरुण वयातही होऊ शकते.

विषाणू बहुधा एकाच गाठीत जागा होतो आणि त्या गाठीच्या नसेतून त्वचेपर्यंत उतरतो. धडावरची प्रत्येक नस एका बाजूच्या एका पट्ट्याची राखण करते. स्तनाग्राच्या पातळीवरचा पट्टा छातीच्या चौथ्या नसेचा, बेंबीच्या पातळीवरचा दहाव्या नसेचा. हे पट्टे आडवे सरळ नसतात. पाठीवर थोडे वर सुरू होऊन पुढे येताना खाली उतरतात. फोडांची रांग अशी तिरकी उतरलेली आणि मध्यरेषेवर येऊन थांबलेली दिसली, तर तेवढ्यावरूनही निदान जवळजवळ पक्कं होतं.

‘नागिणीचं तोंड आणि शेपूट एकत्र आलं की माणूस जातो’ ही भीती अजून खूप घरांत आहे. डाव्या आणि उजव्या बाजूच्या नसा वेगवेगळ्या असल्यामुळे पट्टा सहसा मध्यरेषा ओलांडतच नाही. क्वचित दोन्ही बाजूंना फोड आलेच, तर ते मिळाल्यामुळे कोणी दगावत नाही. मात्र मूळ पट्ट्यापासून दूर अंगभर फोड उठू लागले, तर त्या माणसाची प्रतिकारशक्ती खालावलेली असण्याची शक्यता असते आणि त्याला रुग्णालयात शिरेतून औषध लागू शकतं. भीती असावी ती याची.

फोडांच्या आधीचे दिवस

खरी फसगत इथे होते. बऱ्याच जणांना फोड येण्याच्या दोन-तीन दिवस आधीच त्या पट्ट्यात दुखू लागतं. जळजळ, मुंग्या, सुया टोचल्यासारखं किंवा आत खोल ठणका. वरून कातडी अगदी स्वच्छ. डाव्या छातीत असेल तर हृदयविकार वाटतो, उजव्या बरगडीखाली असेल तर पित्ताशयाचे खडे, कमरेच्या वर असेल तर मुतखडा. त्यामुळे लोक ईसीजी, सोनोग्राफी करून येतात, सगळं नॉर्मल निघतं आणि पित्ताच्या गोळ्या घेऊन घरी जातात. यात डॉक्टर चुकले असं म्हणता येणार नाही. छातीत दुखत असेल तर आधी हृदय तपासायलाच हवं; ‘नागीणच असेल’ म्हणून घरी बसणं हा त्याहून मोठा धोका. पण तपासण्या नॉर्मल आल्यावर एक काम घरच्यांनी आठवणीने करावं: पुढचे चार-पाच दिवस रोज सकाळ-संध्याकाळ उजेडात त्या भागाची कातडी पाहावी. पाठ स्वतःला दिसत नाही, म्हणून दुसऱ्या कोणाला तरी पाहायला सांगावं. पहिले डाग पाठीवर उठले तर ते उशिरा लक्षात येतात.

आधी लालसर चट्टे येतात, मग त्यांवर बारीक पुटकुळ्या, आणि साधारण एक-दोन दिवसांत त्यांचे स्वच्छ पाण्याचे फोड होतात. तीन ते पाच दिवस नवे फोड येत राहतात. मग पाणी गढूळ होतं, आणि आठवडा-दहा दिवसांत खपली धरते. दोन ते चार आठवड्यांत खपल्या पडून जातात.

पावसाळ्यात एक गल्लत हमखास होते. रात्री दिव्यावर येणारा एक किडा अंगावर चिरडला गेला की त्या रेषेत कातडी भाजल्यासारखी होते. लोक त्याला ‘किडा मुतला’ म्हणतात. तिथेही लांबट पट्ट्यात फोड येतात. पण तो पट्टा नसेच्या वाटेने जात नाही, मध्यरेषा बिनदिक्कत ओलांडतो, आणि आग वरवरच्या कातडीत होते. आधी दोन-तीन दिवस आतून ठणकलेलं नसतं.

७२ तास कसे मोजायचे

एक नमुना घेऊ. ६४ वर्षांच्या काकू, वजन ५८ किलो, मधुमेह जुना, मागच्या महिन्याच्या रिपोर्टात क्रिएटिनिन १.५. सोमवारी सकाळपासून डाव्या स्तनाखाली आणि मागे पाठीत जळजळ. मंगळवारी ईसीजी झाला, नॉर्मल. बुधवारी संध्याकाळी सात वाजता सुनेला त्यांच्या पाठीवर दोन लाल झुपके दिसले. गुरुवारी सकाळी त्यावर पाणी धरलं.

घड्याळ चालू होतं ते बुधवारी संध्याकाळी सातला. सोमवारचं दुखणं मोजायचं नाही. पुरळ पहिल्यांदा दिसलं ती वेळ धरायची. म्हणजे शनिवारी संध्याकाळी सातच्या आत विषाणूविरोधी गोळी पोटात जायला हवी. गुरुवारी सकाळी डॉक्टरांकडे गेल्या तर भरपूर वेळ हाती आहे. ‘शनिवार-रविवार पाहू, सोमवारी जाऊ’ म्हटलं तर तो गेला.

इतकी घाई का, हे औषध कसं काम करतं ते पाहिल्यावर कळतं. ॲसायक्लोव्हिर, व्हॅलॅसायक्लोव्हिर आणि फॅमसायक्लोव्हिर ही औषधं विषाणूला मारत नाहीत. विषाणू स्वतःच्या प्रती काढत असताना त्याच्या डीएनएची साखळी मध्येच तोडून ती नक्कल थांबवतात. नकला सर्वांत जोरात निघतात त्या पहिल्या काही दिवसांत. तेव्हा औषध पोटात असेल तर नवे फोड लवकर थांबतात, खपली लवकर धरते आणि त्या काळातलं दुखणं कमी दिवस टिकतं. उशीर झाला तर नक्कल काढण्याचं काम बरंचसं उरकलेलं असतं आणि नसेला सूज येऊन इजाही झालेली असते. झालेली इजा ही गोळी भरून काढू शकत नाही.

७२ हा आकडा आला तो औषधांच्या चाचण्यांमधून. बहुतेक चाचण्यांत पुरळ उठून तीन दिवसांच्या आतले रुग्णच घेतले होते. त्र्याहत्तराव्या तासाला औषध अचानक निकामी होतं असं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशीही नवे फोड येत असतील, प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा डोळ्याजवळ नागीण असेल, तर डॉक्टर औषध सुरू करतात. ‘उशीर झाला, आता जाऊन काय उपयोग’ असं स्वतःच ठरवू नये.

गोळ्यांचं गणित, आणि ते कुठे बिघडतं

ॲसायक्लोव्हिरचा नागिणीसाठीचा डोस ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस: एकूण ३५ गोळ्या. सकाळी सात, अकरा, दुपारी तीन, संध्याकाळी सात, रात्री अकरा असं चार-चार तासांनी घेतलं की बसतं. मधल्या रात्री उठायची गरज नाही. हे औषध स्वस्त आहे, पण पाच वेळांचं पथ्य पाळताना दुपारची गोळी सुटते. व्हॅलॅसायक्लोव्हिर १००० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सात दिवस, म्हणजे २१ गोळ्या. ते शरीरात गेल्यावर ॲसायक्लोव्हिरमध्येच बदलतं, फक्त आतड्यातून जास्त शोषलं जातं. महाग पडतं, पण विसरभोळ्या किंवा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तीन वेळांचं औषध बरं.

बाजारात ॲसायक्लोव्हिरच्या २०० आणि ४०० मिलिग्रॅमच्याही गोळ्या मिळतात. ओठांवर किंवा जननेंद्रियावर येणाऱ्या साध्या हर्पिसला तो कमी डोस चालतो. त्याच नावाच्या गोळ्या कोणीतरी ‘आमच्याकडे उरल्यात’ म्हणून देतं आणि नागिणीला २०० ची गोळी सुरू होते. कांजिण्यांचा विषाणू या औषधाला त्या साध्या हर्पिसपेक्षा कमी दाद देतो, म्हणून इथे कमी डोस पुरत नाही. गोळीच्या पट्टीवरचा आकडा वाचून घ्या.

दुसरी गडबड मलमाची. ॲसायक्लोव्हिरचं मलम चिठ्ठीशिवाय हातात पडतं आणि ‘औषध सुरू झालं’ असं समाधान मिळतं. पण विषाणू कण्याजवळच्या गाठीत आणि नसेत आहे. वरून चोळलेलं मलम तिथे पोचत नाही. नागिणीला त्याचा उपयोग नाही. मलमात गेलेले दोन दिवस हे ७२ तासांतूनच गेलेले असतात.

तिसरी गोष्ट किडनीची. ही औषधं लघवीवाटे बाहेर पडतात. किडनी मंद असेल तर ती रक्तात साठतात आणि माणूस बरळायला लागतो, भास होतात, तोल जातो. घरचे म्हणतात ‘नागीण डोक्यात गेली’, आणि प्रत्यक्षात डोस जास्त झालेला असतो. आपल्या काकूंचंच पाहा. क्रिएटिनिन १.५ हा आकडा रिपोर्टात फार भयंकर दिसत नाही. पण वय, वजन आणि स्त्री असणं धरून हिशेब केला, तर किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे ३५ मिलिलिटर निघते. या क्षमतेला व्हॅलॅसायक्लोव्हिर दिवसातून तीनदा न देता दोनदा, बारा-बारा तासांनी देतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्या. रिपोर्ट नसेल आणि मधुमेह, रक्तदाब किंवा किडनीचा आजार असेल, तर तसं आपणहून सांगा. डायलिसिसवरच्या रुग्णाने तर शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून ही गोळी कधीच घेऊ नये. आणि डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेलं नसेल, तर या आठवड्यात पाणी भरपूर प्यावं.

गेरू, काव आणि मंतरलेली राख

नागीण ‘उतरवून’ बरी झालेले लोक प्रत्येक गावात भेटतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. फोड दोन ते चार आठवड्यांत काहीही न करता वाळतातच, त्यामुळे ज्याने जे लावलं त्याला श्रेय मिळतं. गेरू किंवा कावेचा पातळ थर लावला म्हणून नस बिघडत नाही. पण शेण, चुना, चुलीतली राख फुटलेल्या फोडांवर गेली की जंतूंची लागण होते आणि आठ दिवसांचं दुखणं महिन्यावर जातं, वर डाग राहतात ते वेगळेच. आजीचं समाधान मोडवत नसेल, तर आधी गोळी सुरू करा आणि मग मंतरून घ्या. फक्त फुटलेल्या फोडांवर काही लावू देऊ नका.

आंघोळ बंद करू नये. रोज साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने तो भाग धुवावा, न घासता टिपून कोरडा करावा. आग होत असेल तर थंड पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ सुती फडकं पंधरा-वीस मिनिटं ठेवावं. कॅलॅमाइन लोशन चालतं. फोड सुईने फोडू नयेत. वरून न चिकटणारी जाळीची पट्टी आणि सैल, धुवून मऊ झालेला सुती कपडा घालावा. ब्लाउजची कड, परकराची नाडी, पँटचा पट्टा जिथे काचतो तिथेच पट्टा आला असेल, तर तेवढे दिवस तो कपडाच बदलावा. लाली पट्ट्याबाहेर पसरू लागली, पिवळा पू आला, ताप वाढला, तर जंतुसंसर्ग झालाय असं धरून पुन्हा दाखवावं. तसं नसेल तर अँटिबायोटिकची गरज नाही. नागीण विषाणूची असते.

दुखणं अंगावर काढू नये

फोडांपेक्षा लोकांना छळतं ते दुखणं, आणि तेच जास्त दिवस टिकू शकतं. पॅरासिटामॉलने भागलं तर उत्तम. नसेचं दुखणं मात्र साध्या वेदनाशामकाला पुरेसं ऐकत नाही. मग डॉक्टर गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन देतात. ही औषधं थोड्या डोसापासून, बहुधा रात्री सुरू करून हळूहळू वाढवतात. सुरुवातीला झोप आणि चक्कर येते, त्यामुळे वयस्कर माणसाने रात्री बाथरूमला एकट्याने अंधारात जाऊ नये. पडून मांडीचं हाड मोडणं नागिणीपेक्षा महाग पडतं. यांचा डोसही किडनी पाहूनच ठरतो, आणि बरं वाटलं म्हणून त्या एकदम बंद करायच्या नसतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या किडनी कमजोर असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

खपल्या पडून गेल्यावरही तीन महिन्यांहून जास्त दुखत राहिलं, तर त्याला नागिणीपश्चातची नसवेदना म्हणतात. पंख्याचा वारा लागला तरी कळ येते, पांघरूण सहन होत नाही, आणि त्याच जागी बोट लावलं तर कातडी बधिर असते. हे साठीनंतर जास्त होतं. ज्यांना फोडांच्या आधीच खूप दुखलं, ज्यांचे फोड दाट होते आणि सुरुवातीचं दुखणं झोप उडवणारं होतं, त्यांना धोका अधिक. लवकर गोळ्या घेतल्या की ही वेदना नक्की टळते, असा दावा करता येत नाही. त्या बाबतीतला पुरावा कच्चा आहे. स्टिरॉइडने ती टळते असंही दिसलेलं नाही. पहिल्या आठवड्यातला फायदा मात्र पक्का आहे, आणि म्हाताऱ्या माणसाला तेवढे दिवस झोप मिळणं ही काही लहान गोष्ट नव्हे.

काही लक्षणांना ७२ तासांचीही वाट पाहायची नाही, त्याच दिवशी जायचं: कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड, कारण नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला जाणारी नस एकच आहे; कानात फोड येऊन चेहरा वाकडा होणं; कमरेखालच्या नागिणीत लघवी अडकणं; तापाबरोबर गुंगी किंवा असंबद्ध बोलणं.

घरात कोणाला जपायचं

नागिणीची नागीण दुसऱ्याला होत नाही. फोडांतल्या पाण्यात जिवंत विषाणू असतो, आणि ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत व त्यांची लसही घेतलेली नाही, त्याला त्यातून कांजिण्या होऊ शकतात. सगळे फोड खपलीने झाकले जाईपर्यंतच हा धोका असतो. पट्टा कपड्याने झाकलेला ठेवला, हात धुतले, टॉवेल-चादर वेगळी ठेवली, तर जेवणाच्या ताटापासून दूर बसवण्याचं कारण नाही.

जपायचं ते तिघांना: तान्हं बाळ, केमोथेरपीवरचं माणूस, आणि गरोदर बाई. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली असते आणि नेमकी आईला नागीण होते, असं घडतंच. लेकीला कांजिण्या होऊन गेल्या असतील तर चिंता नाही. नक्की आठवत नसेल आणि ती फोडांच्या संपर्कात आली असेल, तर त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांना सांगावं. रक्तात प्रतिपिंडं आहेत का ते तपासता येतं, आणि नसतील तर संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन देता येतं. अंगावर काही उठेपर्यंत थांबू नये.

नागीण टाळणारी लस भारतात २०२३ पासून पन्नाशीपुढच्यांसाठी मिळते. तिच्यात जिवंत विषाणू नाही. दंडात दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. दंड दुखणं, एक-दोन दिवस कणकण, अंगदुखी हे बऱ्याच जणांना होतं. ती महाग आहे, आणि फोड आलेले असताना उपचार म्हणून तिचा उपयोग नाही. नागीण एकदा होऊन गेली तरी पुन्हा होऊ शकते, त्यामुळे आजार पूर्ण बरा झाल्यावर ती घेता येते. प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध लवकरच सुरू होणार असेल, तर लसीचं ते सुरू होण्याआधी विचारून घ्यावं.